दिवेलागणीला निजणाऱ्या बाईची गोष्ट

मावशी कोण, हे मालवणात बरीच वर्षं कुणाला कळलं नाही. आमच्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर ‘मावशीला विचारा’ हे सदर यायचं आणि लोक समजायचे की नऊवारीतली, चष्मा लावणारी, चार सुनांची सासू झालेली कोणी पोक्त बाई ते लिहीत असणार. प्रत्यक्षात ती मावशी म्हणजे मी. मॅट्रिक झालेली, लग्नाचा पत्ता नसलेली, छापखान्यात प्रुफं तपासायला ठेवलेली पोर. संपादक तात्यांनी एक दिवस पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाले, “तुझं अक्षर बरं आहे, डोकंही ठिकाणावर दिसतं. उद्यापासून तू मावशी.” पगार तेवढाच राहिला.

पत्र लिहिणारे कधीकधी थेट छापखान्यात येऊन मावशीला भेटायचं म्हणून हटून बसत. मी प्रुफांतून मान वर करून सांगायचे, मावशी कुडाळला गेल्या आहेत. एकदा एक गृहस्थ दुपारभर बाकड्यावर बसून राहिले आणि जाताना मला म्हणाले, पोरी, अशा माणसांच्या हाताखाली काम करायला मिळतंय, शिकून घे. मी हो म्हटलं.

नवरा-बायकोंच्या भानगडींवर सल्ला द्यायला बिनलग्नाची पोर कशी चालते, असं आज कुणी विचारलं तर मी सांगेन की या धंद्यात सल्ला देणं हा सगळ्यांत सोपा भाग असतो. अवघड असतं ते पत्र वाचणं. माणूस पत्रात जे लिहितो ते त्याला दिसलेलं असतं, घडलेलं नसतं. शिवाय पत्रं बहुतेक पुरुषांची. बायकांना लिहायला येत नसे, आणि येत असलं तरी पोस्टात टाकायला कुणाच्या हाती द्यायचं हा प्रश्न होताच. म्हणजे माझ्यापुढे कायम एकाच बाजूचं गाऱ्हाणं असायचं आणि दुसरी बाजू मला अंदाजाने भरावी लागायची. त्या दुसऱ्या बाजूच्या किती बायकांना मी कधी पोचलेच नाही, याची रुखरुख अजून आहे.

आमचे काही नियम होते. पत्र आलं की लखोटा चुलीत. छापताना गाव बदलायचं, धंदा बदलायचा, माणसांची वयं थोडी इकडेतिकडे करायची. भांडण मात्र तसंच ठेवायचं, कारण तेच खरं असतं. आणि खुलासा मागवायचा असेल तर पोस्टकार्ड कधीही नाही. खेड्यात पोस्टकार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग दुकानदार वाचतो आणि शेवटी ज्याचं त्याला मिळतं. आम्ही बंद अंतर्देशीय पत्र पाठवायचो, आणि त्यावरचा पत्ता आमच्या भिवा कंपोझिटरच्या हातचा असायचा. भिवाचं अक्षर इतकं राठ की ते बाईचं असेल असा संशय कुणाच्या बायकोला येणं शक्य नव्हतं. हा उपाय आम्हाला एका घरात भांडी फुटल्यावर सुचला.

बायको हल्ली लवकर निजते, संध्याकाळी बोलत नाही, अशी तक्रार त्या सदरात नवी नव्हती. वाचणाऱ्याला ती किरकोळ वाटते. तात्यांनाही वाटायची. पण तिच्या पोटात काय असेल ते सांगता येत नाही, हे मी दोन पत्रांवरून शिकले होते.

पहिलं फोंडाघाटच्या एका दुकानदाराचं. बायको तिन्हीसांजा झाल्या की कोपऱ्यात मुटकुळं करून पडते, काही विचारलं तर चिडते, असं त्याने लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, त्या वेळी तिचं अंग तापलेलं असतं का? हात लावून बघा. त्याने हात लावून बघितला. रोज संध्याकाळी बारीक ताप चढत होता आणि ती खोकला पदरात दाबत होती. तिला मिरजेला क्षयाच्या इस्पितळात नेलं. दुसरं पत्र शिरोड्याचं. बाळंतपणानंतर बायको काळोख पडायच्या आत जेवणं उरकून आत जाते, दिव्यापाशी बसतच नाही. मी आमच्या गावच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, दिवेलागणीनंतर ती चालताना भिंतीला हात लावते का ते बघायला सांग. लावत होती. तिला रात्रीचं दिसत नव्हतं आणि सासू आंधळी म्हणेल या भीतीने ती सांगत नव्हती. मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल हा त्यावरचा उपाय, आणि ते शिरोड्यात मिळायला काहीच अडचण नव्हती. महिन्याभरात बाई ओटीवर बसून गप्पा मारायला लागली.

म्हणून रावजींचं पत्र आलं तेव्हा मी ते बाजूला टाकलं नाही. रावजी हे त्यांचं नाव नव्हे, पण इथे तेच चालवू. कसालपासून आत चालत जावं लागेल असं त्यांचं गाव. रावजींची सारी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. बोटीतून माल उतरताना समोरून जाणारी पोती मोजायची, खुणा करायच्या, कमी भरलं तर का कमी भरलं ते विचारायचं, हे त्यांचं काम. वीस-बावीस वर्षं त्यांनी ते केलं. बायको, जानकी म्हणूया तिला, गावी. सासू, मुलगा, शेत, गाय सगळं तिच्या गळ्यात. रावजी वर्षातून एकदा, मे महिन्यात, रजा काढून बोटीने यायचे आणि पावसाने बोटी बंद व्हायच्या आत परत जायचे. आता मुलगा मुंबईत नोकरीला लागला होता आणि रावजी नोकरी सोडून कायमचे घरी आले होते.

त्यांचं पत्र स्वच्छ अक्षरात आणि शुद्ध मराठीत होतं. मी रजेवर यायचो तेव्हा माझी पत्नी माझ्याशी बोलत बसायची, झोप म्हणून सांगावं लागायचं. आता कायमचा आलो तर कंदील लागला की जेवणं वाढते, भांडी आवरते आणि आत जाऊन निजते. बोलायला गेलं तर ‘उद्या बघूया’ म्हणते. उद्याही तेच. ज्या घरासाठी आयुष्य घालवलं त्या घरात मला बोलायला माणूस नाही. माझ्या जुन्या मुकादमाने गोदामावर रखवालदाराची जागा देऊ केली आहे. चतुर्थीला आलेले चाकरमानी परत जातील तेव्हा त्यांच्याबरोबर मीही जावं असं मनात आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. शेवटी एक ओळ होती: तिला मी नको झालो आहे काय, एवढंच मावशींनी सांगावं.

तात्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, बायकांना चार शब्द सुनाव, पतीचं मन राखावं वगैरे, लोकांना आवडतं. मी म्हटलं, तात्या, ही बाई माझं सदर वाचणार नाही, आणि वाचलं तर अजून लवकर निजेल. तात्या हसले. पण त्यांचा एक गुण होता, ते ज्याचं काम त्याला करू देत. एवढंच म्हणाले की श्रावण अर्धा झाला आहे, चतुर्थीच्या आत काय ते छाप.

मी भिवाच्या अक्षरातल्या पत्त्याने रावजींना पत्र धाडलं. त्यात आधी त्या दोन पत्रांनी शिकवलेले प्रश्न होते. अंग तापतं का, खोकला आहे का, पायांना सूज, अंधारात चाचपडणं, अंगावरून जास्त जाणं, जेवण कमी झालं आहे का. शेवटचे दोन प्रश्न तुमच्या आईंना विचारायला सांगा, असंही लिहिलं. मग विचारलं की दिवसा ती कशी असते? शेजारणींशी बोलते का, हसते का? कारण ज्या माणसाच्या मनानेच घरातून उठायचं ठरवलेलं असतं ते दिवसाही गप्प असतं, विहिरीवरही गप्प असतं. आणि शेवटी लिहिलं की जी शेवटची संध्याकाळ ती तुमच्याजवळ बसली होती त्या संध्याकाळी पहिलं वाक्य कोण बोललं, मग कोण काय बोललं, ते जसंच्या तसं कळवा. त्यात आपलं मत घालू नका.

हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारायचे. बहुतेक लोक त्याला उत्तर देत नसत, किंवा देत ते भाषणासारखं देत. पण रावजी मोजणीदार होते. त्यांनी पोत्यांसारखी वाक्यं मोजून पाठवली, घरच्या बोलीत, एकही इकडेतिकडे न करता. जानकीला ताप नव्हता, सूज नव्हती, जेवण चांगलं होतं. दिवसा बेणणीला, म्हणजे तण काढायला, बायका आल्या की शेतातून तिचं हसणं ओटीवर ऐकू येई, आणि हे लिहिताना रावजींना वाईट वाटलेलं दिसत होतं. मग ती संध्याकाळ.

“तांबू कोणाक दिलंस?”

“खालच्या वाडीत.”

“कित्याक? दुधाची गाय ती.”

“गरज होती.”

“माका कित्याक नाय कळवलंस?”

“तुमका कळवन काय झाला असता?”

“असा कसा म्हणतंस? घर माझा नाय?”

“माका नीज येता.”

मी ते कितीतरी वेळा वाचलं. गाय विकून कित्येक वर्षं झाली होती, रजेच्या धावपळीत हे विचारायचं राहून गेलं होतं, असंही त्यांनी खाली लिहिलं होतं. मला दिसलं ते एवढंच की रावजींनी दर वेळी तोंड उघडलं ते प्रश्न विचारायलाच, आणि पुन्हा पुन्हा तेच ‘कित्याक’, म्हणजे ‘का’. त्यांना वाटत होतं आपण गप्पा मारतो आहोत. त्यांनी आयुष्यभर समोरून गेलेल्या मालाविषयी हेच विचारलं होतं, त्यांना दुसरं बोलणं कुठून ठाऊक असणार? आणि बाईला वाटत होतं की आपण इतकी वर्षं एकटीने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा झाडा आता रोज संध्याकाळी द्यायचा आहे, तोही सासूच्या देखत. भांडावं तर घरात तमाशा. त्यापेक्षा निजलेलं बरं. निजलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट त्या मे महिन्याच्या रजेची. ती आमच्या भागातल्या प्रत्येक घरात आहे, म्हणून कुणाला दिसत नाही. चाकरमानी रजेवर येतो तो पाहुणा म्हणून येतो. अकरा महिन्यांचं साठवलेलं बोलणं असतं, आणि एक महिना जागरण सोसतं. बाई पहाटे उठते तशीच उठते, पण महिन्याचाच प्रश्न आहे म्हणून उरलेली झोप पुढच्या अकरा महिन्यांवर टाकते. रावजी त्या महिन्यालाच संसार समजले होते आणि त्या मापाने आताचे दिवस मोजत होते. आता पाहुणा कायमचा राहिला, दुपारी ओटीवर झोप काढून संध्याकाळी ताजातवाना होऊ लागला. त्याचा दिवस जिथे सुरू व्हायचा तिथे तिचा संपलेला असायचा.

उत्तर लिहिताना मी रावजींना बोटीवरचा खलाशी केलं, गाव समुद्रकाठचं केलं आणि गायीची होडी केली. दीड कॉलम जागा होती. ते उत्तर आजही मला बरंचसं आठवतं.

‘तुमची पत्नी आजारी नाही आणि तुम्ही तिला नकोही झालेले नाही. नको झालेल्या माणसाला आधी गरम जेवण वाढून मग कुणी निजायला जात नाही. तिला नको आहे ते तुमचं संध्याकाळचं विचारणं. तुम्ही लिहून पाठवलेलं संभाषण पुन्हा वाचा आणि त्यात तुम्ही एकदा तरी स्वतःविषयी काही बोललात का ते शोधा.

‘तू लवकर का निजतेस, हा प्रश्न तिला कधीही विचारू नका. तिला निजू द्या. कंदिलापाशी ती थकलेली असते, आणि थकलेल्या माणसाला साधा प्रश्नही आरोप वाटतो. ती सकाळी ज्या वेळी ताजी असते त्या वेळी तिच्याजवळ जा, पण रिकाम्या हाताने समोर बसू नका. ती जे करत असेल त्यातलं काहीतरी हातात घ्या. दोघांचे डोळे कामावर असले की बोलणं सोपं जातं. पंधरा दिवस “का” हा शब्द तोंडातून काढू नका. बोटीवर तुम्ही काय जेवत होता, कुणाची भीती वाटायची, घरची आठवण केव्हा यायची, हे तिला सांगा. तिलाही तुमची ही वर्षं ठाऊक नाहीत. ती गप्प राहिली तर राहू द्या, तिच्याकडून उत्तराची अपेक्षा करू नका.

‘तुमच्या मागे तिने जे निर्णय घेतले त्यांची तपासणी आता बंद करा. होडी गेली ती गेली. उलट घरातलं एखादं काम तिला विचारून, ती सांगेल तसंच करा, त्यात सुधारणा सुचवू नका. आणि ती कधी आपण होऊन काही बोललीच, तुमच्यावर रागावून बोलली तरी, मध्ये तोंड घालून आपली बाजू मांडू नका. ऐकून घ्या. परत बोटीवर जायचं की नाही ते नंतर ठरवा, आणि जे ठरवाल ते तिच्यापासून लपवून ठरवू नका.’

खाली सही, मावशी.

गुरुवारी अंक निघाला, एस.टी.च्या टपावरून गठ्ठे गावोगाव गेले आणि मग मजा झाली. पुढच्या आठवड्यात एक निवृत्त खलाशी काठी आपटत छापखान्यात आला. आमच्या घरातली गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, असा त्याचा सवाल होता. मी म्हटलं, हे तुमचं नाही. तो म्हणाला, होडी विकली, बायको निजते, आणि माझं नाही कसं? त्याच्या मागोमाग आणखी दोघे आले. देवबागच्या एका बाईने तर शेजाऱ्याच्या मुलीकडून लिहून कळवलं की नवरा आता सकाळी नारळ सोलायला येऊन बसतो, सोलणं जमत नाही, पण बसतो. तात्यांनी तो अंक जास्तीचा छापला. एवढ्या घरांत एकच गोष्ट चालली होती आणि प्रत्येक घराला ती आपल्यापुरतीच वाटत होती.

फक्त रावजींकडून काही आलं नाही. चतुर्थी आली. चाकरमान्यांनी गावं भरली, आरत्या झाल्या, विसर्जनं झाली. मग परतीची गर्दी सुरू झाली. एस.टी. स्टँडवर ट्रंका आणि नारळांच्या गोण्या. मला माहीत होतं की त्या गर्दीत एक माणूस असू शकेल ज्याला मी ओळखणार नाही, आणि तो गेला तर एका घरातली बाई समजेल की आपण निजलो म्हणून नवरा गेला. माझी त्या दिवसांत प्रुफं चुकत होती. भिवाने मला दोनदा चिडवलं की मावशीला दृष्ट लागली.

अशाच एका सकाळी एक उंच, वाकलेला गृहस्थ भरलेली मोठी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर काळी टोपी, प्रवासाला निघालेल्या माणसासारखा. मावशी आहेत काय, म्हणून त्याने विचारलं आणि मी सवयीने कुडाळ म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, “मी त्या उत्तरातला खलाशी.” नियम मोडून मी सांगितलं, की मावशी मीच. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बाकड्यावर बसले आणि पिशवी उघडली. तिच्यात तवशी होती, हाताएवढी एकेक काकडी, मावशींसाठी आणलेली.

त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवातीला शुद्ध भाषेत, मग जशी आठवण येईल तसे घरच्या बोलीत. उत्तर वाचल्यावर त्यांना माझा रागच आला होता. तरी ते सकाळी घरामागच्या परड्यात जाऊन जानकीबरोबर काकडीचे वेल मांडवावर चढवू लागले. ती म्हणाली, बाजूक ऱ्हवा, वेल मोडशात. ते बाजूला राहिले आणि सुंभ तोडून देऊ लागले. गोदीतली पहिली वर्षं, खोलीत एकाच गादीवर पाळ्या करून निजणारी माणसं, मालाच्या झोळीखाली सापडलेला सोबती, असं एकेक सांगत गेले. ती काहीच बोलायची नाही. संध्याकाळी पूर्वीसारखीच निजायची. चतुर्थी जवळ येत चालली आणि रावजींनी मनात ट्रंक भरली.

मग ती संध्याकाळ. रावजींची म्हातारी आई ओटीवर बसून साप्ताहिक वाचून घेत असे, आणि तिला बाकी कशाशी कर्तव्य नव्हतं, मावशीचं तेवढं ऐकायचं असायचं. जुना अंक हाती लागला तो नेमका हाच. रावजी पान उलटायला लागले तर म्हातारी म्हणाली, मावशीचा वाच. सुटका नव्हती. कंदिलाच्या उजेडात त्यांनी स्वतःचीच कथा खालमानेने वाचून दाखवली. जानकी आतल्या खोलीत निजलेली होती. वाचून झालं आणि आतून, अंधारातून तिचा आवाज आला.

“ती खलाशाची गोष्ट परत वाचा.”

त्यांनी परत वाचली.

“मावशीन बरा सांगल्यान,” जानकी म्हणाली. “पण एक इचारूक इसारली. तो बोटीर असताना ती बायल कधी भियाली काय, ह्यां तेना एकदा तरी इचारल्यान?”

रावजींच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. मग हळू विचारलं, “कित्याक भियाली ती?”

“खलाशाच्या बायलेचा माका ठावक नाय. माझा सांगतंय.” भिंतीपलीकडून ती बोलत होती आणि आवाज जराही चढलेला नव्हता. “तुमी बोटीन गेलास आणि झिलाक ताप इलो. उतरात नाय. डॉक्टराक हाडूक घरात काय नव्हता. तांबूक इकलंय. ती गाय गोठ्यातसून भायर येयना. मी तिका वढून भायर काढलंय आणि तशीच जावन झिलाच्या उशाशी बसलंय. तेचो हात गार पडलेलो. आणि तुमी इचारतास, दुधाची गाय ती.”

रावजींनी हातातला अंक खाली ठेवला. तेवढ्यात ओटीवरची म्हातारी म्हणाली, “तुका कळवू नको, असा मीच तिका सांगललंय. तार मिळताच तू नोकरी टाकून इलो असतस.” एवढं बोलून तिने पदराने डोळे पुसले आणि अंक घडी करून बाजूला ठेवला. सासू आणि सून, दोघींनी तो ताप इतकी वर्षं आपसात ठेवला होता. मुलगा बरा झाला होता, मोठा झाला होता, मुंबईत नोकरी करत होता, आणि बापाला ठाऊकच नव्हतं की तो जवळजवळ गेला होता.

रावजी उठून आत गेले. आत काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुकादमाने देऊ केलेल्या जागेचं मात्र त्यांनी त्याच वेळी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली होती, “जावचा तर जावा. पण आमका इचारून जावा.” त्यांनी विचारलं. तिने नको म्हणून सांगितलं. मुकादमाला नकाराचं पत्र टाकूनच ते मालवणला आले होते.

मला इतकं हायसं वाटलं की तवशी पोटाशी धरून मी नुसती उभी राहिले. मग माझ्यातली मावशी जागी झाली आणि मी विचारलं, आता संध्याकाळी बसतात का तुमच्याशी बोलायला? रावजी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. जानकी इतका वेळ बाहेर पायरीवर बसून होती. ठेंगणी, कष्टाने काळवंडलेली, कपाळाला मोठं कुंकू. ती आत आली, माझ्याकडे बघून तिला हसू फुटलं, बहुतेक एवढ्याशा पोरीला मावशी कसं म्हणावं ते कळेना म्हणून. सदर लिहायला लागल्यापासून पत्राच्या दुसऱ्या बाजूची बाई मी पहिल्यांदाच समोर बघत होते. ती खलाशाची गोष्ट आपली, हे तिला केव्हा कळलं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिला आधी काहीतरी सांगायचं होतं.

“सांजचा बसणा माका अजून जमणा नाय, बाय,” ती म्हणाली. “काळोख पडलो काय माझे डोळे मिटतत. तां काय सुधराचा नाय.”

रावजी खाली बघत होते.

“पण आता हे माझ्या आदी उठतत,” जानकी म्हणाली. “लगीन झाल्यापासून रोज मीच उठान चूल पेटवलंय, अंगात ताप असलो तरी. आता माका जाग येता तेव्हा चूल पेटलेली असता, आणि हे तिच्याफुडे माझी वाट बगत बसलेले असतत.”

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला आणि ती भर छापखान्यात, भिवाच्या आणि तात्यांच्या देखत, रडायला लागली.